‘तुमच्या कोटेशनप्रमाणे ऑर्डर’ असं लिहून आलेली पीओ: ५,०२,७२० रुपये अडकलेत, तुम्ही सावध राहा

कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे. तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजने आम्हाला गंडवलं. चेक बाउन्स नाही, खोटी कंपनी नाही, सगळं पीओ म्हणजे लेखी खरेदी ऑर्डरच्या कागदावर रीतसर झालं. म्हणूनच संताप जास्त होतो.

जानेवारीत त्यांना कोटेशनचा मेल पाठवला होता. लोखंडी रॅक, अंदाजे १२,००० किलो, दर किलोला ९२ रुपये, म्हणजे ११,०४,००० रुपये. जीएसटी वेगळा. हा दर १५ दिवसांपुरता ग्राह्य. ४० टक्के ऑर्डरसोबत, ५० टक्के माल निघण्यापूर्वी, १० टक्के उभारणीनंतर ७ दिवसांत. १८ टक्के कर धरला की १,९८,७२० रुपये आणि एकूण १३,०२,७२० रुपये. यात गोलमाल कुठे आहे? कुठेच नाही. या धंद्यात असंच कोटेशन जातं.

दीड महिना तिकडून शब्द नाही. मग मार्चच्या सुरुवातीला आमच्याच मेलला उत्तर आलं : ‘तुमच्या कोटेशनप्रमाणे ऑर्डर मंजूर. सोबत पीओ. बेदाणा शेडवर तयार झालाय, रॅक लवकर द्या.’ त्याच दिवशी खात्यात ३,००,००० रुपये. सीझनमध्ये बेदाणा आत घ्यायचा असतो हे आम्हालाही माहीत आहे, घाई खरी वाटली. ४० टक्के म्हणजे ४,४१,६०० रुपये होतात, तरी ‘उरलेले उद्या देतो’ म्हणाले आणि कटिंग सुरू झालं.

आता ती पीओ बघा, कारण सगळी मेख तिच्यात आहे. पहिल्या पानावर वजन, दर आणि रक्कम आमच्या कोटेशनशी आकड्याला आकडा जुळणारी. पण सरळ माणसाच्या पीओत रकमेच्या खाली दोन ओळी असतात : सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के, इथे प्रत्येकी ९९,३६० रुपये. या पीओत त्या ओळीच नव्हत्या. ११,०४,००० च्या खाली थेट ‘एकूण देय’ आणि तीच रक्कम पुन्हा. ओळखायची जागा होती ती हीच! शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं : दर सर्व करांसह, माल उतरवणे आणि हायड्रा क्रेन पुरवठादाराकडे, उशीर झाल्यास ५ टक्क्यांपर्यंत कपात, पैसे उभारणीनंतर ९० दिवसांनी. मेलमध्ये ‘तुमच्या कोटेशनप्रमाणे’ असं स्वतःच्या हाताने लिहिणारा माणूस आतल्या पानावर कोटेशनच्या उलट लिहील, हे कोण गृहीत धरेल? विश्वासावर धंदा करणाऱ्याच्या मनात ते येत नाही आणि येऊही नये.

गाडी गेटवर लागली तेव्हा त्यांनी ५,००,००० रुपये दिले. उभारणी झाल्यावर हिशेब आला. कर दरातच धरलेला. हायड्राचे ४२,००० रुपये वजा. उशिराचे ५५,२०० रुपये वजा, आणि उशीर का झाला तर त्यांच्याच कोल्ड रूमची फरशी तयार नव्हती. शिल्लक म्हणे २,०६,८०० रुपये, तेही ९० दिवसांनी. ते ९० दिवसही उलटले, त्यातला रुपया आलेला नाही. आमचं येणं आहे ५,०२,७२० रुपये.

वकिलांनी सांगितलं ते प्रत्येकाने लिहून ठेवा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती जशीच्या तशी, बिनशर्त असावी लागते. पीओत अटी बदलल्या की ती स्वीकृती राहत नाही, तो त्यांचा नवा प्रस्ताव होतो. आणि त्यानंतर तुम्ही हरकत न घेता पैसे घेतले, काम सुरू केलं, की समोरचा म्हणतो तुम्ही कृतीतून त्यांचा प्रस्ताव मान्य केलात. आमच्या कोटेशनची १५ दिवसांची मुदत तर कधीच संपलेली. म्हणजे कोटेशन उरलंच नाही, उरली फक्त त्यांची पीओ, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आमच्या हातात त्यांच्या मेलमधली ‘कोटेशनप्रमाणे’ ही ओळ आहे, आणि करासह १३,०२,७२० चं बिल त्यांनी हरकतीचा एक शब्द न लिहिता ठेवून घेतलं, हे आहे.

म्हणून पीओ आली की लोखंडाला हात लावण्याआधी त्याच मेलला उत्तर द्या : ‘पीओ मिळाली. कर, हायड्रा आणि पैशांच्या मुदतीच्या अटी आमच्या कोटेशनशी जुळत नाहीत, त्या आम्हाला मान्य नाहीत. सुधारित पीओ आल्यावर काम सुरू होईल.’ फोनवर बोलून उपयोग नाही. मुदत ‘१५ दिवस’ अशी मोघम लिहू नका, तारीख घाला, आणि त्या तारखेपर्यंत ऑर्डर व अॅडव्हान्स दोन्ही जमा झाले तरच दर लागू, असं लिहा. मुदत संपल्यावर ऑर्डर आली तर दर तोच असला तरी कोटेशन नव्या तारखेने पुन्हा पाठवा.

पोलीस ठाण्यात गेलो तर अर्ज न वाचताच ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’. कर खात्याच्या कार्यालयात विचारलं, पैसे आले नाहीत तरी कर भरायचा का? हो, भरायचा. बिल मार्चचं, म्हणून २० एप्रिलपर्यंत १,९८,७२० रुपयांचा कर आमच्या माथी. त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, घ्यायची वाट मात्र त्यांना मोकळी! नियम असा आहे की बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. ते तपासणार कोण, याला त्या टेबलावर उत्तर नव्हतं. लेखी तक्रार द्या म्हणाले. दिली, पोच मिळाली, विषय संपला.

लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी २००६ च्या कायद्याने परिषद नेमलेली आहे. कायद्यात ९० दिवसांत निकाल लिहिलाय. आमच्या अर्जावर ते दिवस केव्हाच सरले आणि अजून समेटाची तारीखसुद्धा लागलेली नाही. विचारलं की ‘पोर्टलवर बघा’. पोर्टलवर तीच एक ओळ. ज्याचे पैसे बुडाले त्यालाच प्रत्येक दाराशी कागद मागतात, बुडवणाऱ्याला साधी नोटीस काढायला यांना वेळ नाही!

तरी तो अर्ज करा, कारण त्याच कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढची मुदत चालत नाही. म्हणजे त्यांच्या ९० दिवसांना तिथे किंमत नाही, आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी मात्र ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवा, नंतर केलेली त्या बिलाला चालेलच असं नाही.

आता आमच्या कोटेशनच्या मेलमध्ये कराची ओळ अशी जाते : ‘११,०४,००० अधिक जीएसटी १८ टक्के १,९८,७२०, एकूण १३,०२,७२०. बिलाच्या तारखेला कराचा दर बदलला असल्यास तो लागू.’ नुसतं ‘कर वेगळा’ लिहीत नाही. पूर्ण जीएसटी दुसऱ्या हप्त्यासोबत, गाडी निघण्यापूर्वी घेतो, कारण बिल तेव्हाच फाडावं लागतं. आणि कामात काय नाही तेही लिहितो : माल उतरवणे, हायड्रा, साइटवरची वीज, फरशीची दुरुस्ती ग्राहकाकडे, जागा तयार नसल्यास ते दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत, बिल काट्याच्या पावतीवरच्या वजनाप्रमाणे. यातली जागा तयार नसल्याची एक ओळ त्या मेलमध्ये असती तर ५५,२०० च्या कपातीविरुद्ध आमच्या हातात आणखी एक लेखी आधार असता.