रेकमेंडेशनला जाहीर उत्तर: आभाराची पोस्ट की परतीचं रेकमेंडेशन?

लिंक्डइनवर जुन्या साहेबांनी तुमच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहिल्या. आता चारचौघांत उत्तर कसं द्यायचं? प्रोफाइलवरच्या रेकमेंडेशनखाली उत्तर लिहायला जागाच नसते. त्यामुळे खरे पर्याय दोनच उरतात. एक, त्यांना टॅग करून आभाराची पोस्ट. दोन, त्यांच्यासाठी आपणही रेकमेंडेशन लिहिणं.

दुसरा पर्याय वरवर जास्त भारदस्त वाटतो, कारण तो त्यांच्या प्रोफाइलवर कायम राहतो आणि पोस्ट मात्र काही दिवसांत फीडमध्ये खाली जाते. अडचण तारखेची आहे. प्रत्येक रेकमेंडेशनसोबत तारीख आणि तुमचं कामाचं नातं छापलेलं असतं. मिळालेलं आणि दिलेलं एकाच आठवड्यातलं असेल, तर भरती करणाऱ्याला ती देवाणघेवाण वाटते आणि दोन्हींचं वजन घटतं. शिवाय ज्युनिअरने साहेबांच्या कामाबद्दल काय लिहावं, हाही प्रश्न असतो. ते आपल्याला कसं शिकवत, एवढंच आपण खात्रीने सांगू शकतो. म्हणून लगेचच्या उत्तरासाठी माझा कौल पोस्टला आहे. परतीचं रेकमेंडेशन काही महिन्यांनी, सांगण्यासारखं खरंच काही असेल तरच लिहावं.

पोस्टमध्येही दोन वाटा आहेत, आणि खरा निर्णय इथेच घ्यायचा असतो. समजा, तुम्ही वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहात. साहेबांनी लिहिलंय: "ग्राहकाकडून बरच्या तक्रारी येत होत्या, त्या हिने मुळापासून सोडवल्या." बर म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला उरणारी बारीक धारदार किनार. आपल्याकडे सवयीने येणारं उत्तर असं:

"सर, आपले शब्द वाचून भारावून गेले. मी काहीच केलं नाही, सगळं श्रेय आपलं आणि टीमचं. आपला आशीर्वाद असाच राहू दे."

भावना खरी आहे, पण "मी काहीच केलं नाही" म्हटल्यावर साहेबांनी लिहिलेलं खोटं ठरतं. त्यांनी आपल्या नावानिशी दिलेली साक्ष आपणच खोडून काढतो. "टीम" म्हटल्यावर कुणाचंच नाव पुढे येत नाही, ते वेगळंच. आता दुसरं:

"सर, बरच्या तक्रारीची आठवण ठेवलीत, आभार. बर टूल बदलायच्या थोडं आधीच्या पार्टवर येते, हे पहिल्यांदा रात्रपाळीच्या ऑपरेटरनी ओळखलं. मी पार्टच्या क्रमाने नोंदी ठेवून ते पडताळलं आणि टूल किती नगांनंतर बदलायचं ते कंट्रोल प्लॅनमध्ये आणलं. एका पाळीच्या नोंदींवर थांबू नकोस, हे तुम्ही सांगितलं होतं. तेव्हापासून मी तीनही पाळ्यांच्या नोंदी घेते."

हे उत्तर नम्रही आहे आणि खरंही. आपला वाटा नाकारलेला नाही, नेमका मोजून सांगितलाय. ज्याने खूण ओळखली त्याच्याकडे श्रेय गेलं, आणि साहेबांना त्यांच्या एका सल्ल्याचं काय झालं ते कळलं. जमलं तर त्या ऑपरेटरना आधी विचारून त्यांनाही टॅग करा. कारखान्यातल्या अशा माणसाचं काम जाहीरपणे फार क्वचित सांगितलं जातं, आणि मला तरी ही पोस्ट लिहिण्याचं सर्वांत चांगलं कारण तेच वाटतं.

तपशील कुठवर द्यायचा, याला मात्र मर्यादा आहे. ग्राहकाचं नाव, रिजेक्शनची टक्केवारी, तक्रारीचं मूळ आणि उपाय नोंदवणाऱ्या ८-डी रिपोर्टमधला मजकूर हे कंपनीचं आहे, तुमचं नाही. वरच्या उत्तरात त्यातलं काहीच नाही, तरी काम डोळ्यांसमोर उभं राहतं. टूल किती नगांनी बदललं तो आकडाही गाळलाय. लांबीचं म्हणाल तर फीडमध्ये पहिल्या तीनेक ओळीच दिसतात, बाकी मजकूर उघडावा लागतो. "आज मला सांगायला अत्यंत आनंद होतोय" यातच त्या ओळी संपल्या, तर बरची गोष्ट कुणी वाचणारच नाही. कामाचा उल्लेख पहिल्याच वाक्यात हवा.

आणि रेकमेंडेशनमध्येच चूक असेल तर? समजा, "एकटीने सोडवल्या" असं लिहिलंय, किंवा तुमचं पद चुकलंय. त्याची दुरुस्ती पोस्टमध्ये करू नका, लिहिणाऱ्याला चारचौघांत अवघडल्यासारखं होतं. रेकमेंडेशन तुम्ही स्वीकारल्याशिवाय प्रोफाइलवर दिसत नाही आणि त्याआधी लिहिणाऱ्याकडे बदल मागता येतो. सोबत साधा निरोप पुरतो: "सर, 'एकटीने'ऐवजी 'ऑपरेटरसोबत' केलंत तर बरं होईल." दुरुस्त झालेलं स्वीकारा आणि मग पोस्ट टाका.

तुम्ही सध्या नोकरी शोधत असाल आणि आताच्या ऑफिसला ते कळू द्यायचं नसेल, तर दोन्ही जाहीर पर्याय बाजूला ठेवा. साहेबांना हाच मजकूर मेसेजमध्ये पाठवा. पोस्ट नव्या ठिकाणी रुजू झाल्यावरही टाकता येते.