ग्रेडियंट मॅप, एलयूटी आणि शेवटचा ग्रेडिंग लेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोटोशॉपमध्ये कॉम्पोझिटचे, म्हणजे वेगवेगळ्या छायाचित्रांचे भाग जोडून केलेल्या चित्राचे, रंग एकजीव करण्यासाठी हे तीन लेअर मी गेले आठ महिने नियमितपणे वापरत आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे: ग्रेडियंट मॅप प्रत्येक पिक्सेलचा उजेड पाहून त्याला रंग देतो, त्यामुळे दोन छायाचित्रांच्या सावल्यांचा उजेडच वेगळा असेल, तर त्यांना रंगही वेगळेच मिळतात आणि जोड लपण्याऐवजी उघडा पडतो.

एका चित्रात स्टुडिओच्या पिवळसर दिव्यात टिपलेली स्त्री मला धुक्याच्या जंगलात उभी करायची होती. आयड्रॉपरने पाहिले तेव्हा तिच्या केसांतील सर्वांत गडद जागेचे लाल, हिरवा आणि निळा या चॅनेलचे आकडे 14, 11, 9 होते आणि तिच्याइतक्याच अंतरावरच्या खोडाचे 36, 44, 50. येथे अंतर महत्त्वाचे आहे, कारण धुके दूरच्या काळ्या रंगाला अधिक फिकट करते आणि मागचे खोड प्रमाण मानले तर व्यक्ती विरून गेल्यासारखी दिसते. म्हणून तिच्या लेअरला क्लिप केलेल्या कर्व्ह्जमध्ये तिन्ही चॅनेलचा काळा बिंदू खोडाच्या आकड्यांपर्यंत उचलला आणि त्यानंतरच सर्वांत वर ग्रेडियंट मॅप ठेवला: गडद टोकाला खोडाचा निळसर रंग, फिकट टोकाला आकाशाचा, ब्लेंड मोड Color आणि अपारदर्शकता 25 टक्के. त्वचा थोडी राखाडी पडली, तेव्हा मास्कवर गाल आणि ओठांपुरता मध्यम करडा रंग भरून परिणाम निम्मा केला. धुक्यात पट्टे दिसू नयेत म्हणून फाइल 16 बिटची ठेवणे आणि Dither चालू असणे मला आवश्यक वाटते.

सुरुवातीचे काही महिने मी एलयूटी सर्वांत आधी लावत असे आणि ती चूक होती. एलयूटी म्हणजे ठरावीक रंगाऐवजी ठरावीक रंग देणारे कोष्टक. कोणता पिक्सेल कोणत्या छायाचित्रातून आला, हे त्याला कळत नाही. त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढवणारे एलयूटी दोन काळ्यांमधला फरकही वाढवू शकते. लॉग, म्हणजे मुद्दाम कमी कॉन्ट्रास्ट ठेवलेल्या, चित्रीकरणासाठी बनवलेली एलयूटीची .cube फाइल साध्या छायाचित्रावर लावली, तर सावल्या बुजतात. आता मी एलयूटी ग्रेडियंट मॅपच्या वर, 30 टक्क्यांच्या आसपास ठेवते.

शेवटच्या ग्रेडिंग लेअरमध्ये फक्त सौम्य कर्व्ह्ज असतो. तो बंद करताच व्यक्ती कापून चिकटवल्यासारखी दिसली, तर दोष खालच्या थरांत आहे असे मी समजते. या चित्रात केसांच्या कडेवरची दिव्याची नारिंगी रेघ मात्र तिन्ही थरांनंतरही तशीच राहिली. ती तिच्याच लेअरला क्लिप केलेल्या ह्यू-सॅच्युरेशनने, कडेपुरता मास्क करून काढावी लागली.