छतातला पाऊस की साधा हँडशॉवर?

तिला छतात ताटाएवढा काळा रेन शॉवर हवा होता, त्याला साधा क्रोमचा हँडशॉवर.

“टाकी शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर, म्हणजे दाब 0.3 बार. पाऊस कसला, नुसती ठिबक!”

“मग प्रेशर पंप लावू.”

“आणि काळ्यावरचे क्षारांचे पांढरे डाग कोण पुसणार?”

“अर्थात तू!”

गणितावर तिचा विश्वास नव्हताच. तिने शॉवरच्याच पाइपखाली 10 लिटरची बादली लावली. भरायला 2 मिनिटं लागली. मिनिटाला 5 लिटर. हँडशॉवरला चालेल, पण एवढ्या रुंद जाळीतून धार पडणार कशी?

हँडशॉवर ठरला. मात्र भिंत उघडी आहे तोवर वरच्या शॉवरचा पाइप टाकून टोकाला प्लग मारायचा, ही तिची अट त्याने मुकाट मान्य केली.