ठरावीक रक्कम की वाढती?

परभणीचे मामा निवृत्तीनंतर वर्षाला 3.6 लाख रुपये काढणार, 25 वर्षं. रक्कम ठरावीक ठेवावी की महागाईनुसार वाढवावी, हा त्यांचा पेच. परतावा 8 टक्के, महागाई 6 टक्के धरली.

ठरावीक रकमेला सुमारे 41.5 लाख पुरतात. पण शेवटच्या वर्षी महिन्याच्या 30,000 रुपयांची किंमत आजच्या 7,400 इतकीच उरते. माझा जीव इथंच अडकतो.

वाढत्या रकमेला महागाई वगळून उरणारा खरा परतावा 1.08 ÷ 1.06 − 1, म्हणजे 1.89 टक्के. वर्षारंभी पैसे काढले तर सुमारे 72.6 लाख लागतात. सरळ वजाबाकीनं 2 टक्के धरले, तर जवळपास 90 हजार कमी पडतात. सुरुवातीलाच परतावा घसरला, तर 72.6 लाखही अपुरे.

महागाई भत्त्यासह पेन्शन असेल त्याला ठरावीक चालेल. मामा, तुमचं सगळं याच पैशांवर. तुम्ही वाढतीच धरा.