सायनससाठी आधी सीटी की आधी दुर्बीण?

तीन महिने होत आले तरी नाक मोकळं होत नसेल, तर बहुतेकांपुढे दोनच वाटा असतात. लगेच सायनसचा सीटी काढायचा, किंवा आधी इएनटीकडे नाकात दुर्बीण घालून बघायचं, औषध घ्यायचं आणि उरलंच काही तर सीटी. मी दोन्हींतून गेलोय.

सीटीचं श्रेय आधी देतो. दुर्बीण नाकाच्या पोकळीत फिरते, सायनसच्या आत काय साठलंय ते तिला सहसा दिसत नाही. ऑपरेशन ठरलं तर सीटीशिवाय चालतच नाही, कारण सायनसला डोळ्यापासून आणि मेंदूपासून वेगळी ठेवणारी तिथली हाडं फार पातळ असतात.

मला अडलं ते रिपोर्टमधल्या ‘ब्लॉक’ या एका शब्दाशी. गालाच्या हाडातल्या सायनसचं तोंड तळाशी नसतं, वर, जवळजवळ छताशी असतं. आतले बारीक केस शेंबूड वर ढकलत तिथवर नेतात. पुढे जी बोळकांडी लागते, तिथेच कपाळाचा आणि नाकाच्या मुळाजवळचा पुढचा सायनसही रिकामा होतो. ती जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते, अस्तर जरा सुजलं की मिटते. आणि सीटीवर सायनस किती भरलेत याचे लुंड-मॅके पद्धतीने गुण देताना प्रत्येक सायनसला शून्य, एक किंवा दोन मिळतात, पण या वाटेला फक्त शून्य किंवा दोन. मधलं काही नाही. अस्तर कालच्या सर्दीने सुजलंय की वर्षभराच्या आजाराने, हे एका फोटोवरून सांगणं अवघड असतं.

माझा सीटी ऑगस्टमधला. मुंबईचा पाऊस, लोकलची गर्दी, घरात सगळ्यांना सर्दी, मलाही. रिपोर्ट आला: दोन्ही गालांच्या सायनसमध्ये अस्तर जाड, डावीकडची वाट ब्लॉक. एक, एक आणि दोन, असे चार गुण. पहिल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला. पण ठणका होता उजव्या भुवईवर, आणि उजवीकडची वाट तर मोकळी होती! सायनसची काहीच तक्रार नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासले तेव्हा त्यांचीही सरासरी चारच्या आसपास निघाली होती, हे मला नंतर कळलं. साध्या सर्दीचंही तसंच. 1994 साली अमेरिकेत ताजी सर्दी झालेल्या 31 जणांचे सीटी काढले. त्यांतल्या 27 जणांच्या गालांच्या सायनसमध्ये बिघाड दिसला, 24 जणांची ही वाट बंद होती. दोन आठवड्यांनी ज्यांचे पुन्हा काढले, त्यांतल्या बहुतेकांचं चित्र अँटिबायोटिक न घेता निवळलं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी नाकात बधिर करणारा स्प्रे मारला आणि दुर्बीण घातली. शिवशिवतं, डोळ्यांत पाणी येतं, पण सोसवतं. पू नाही, अस्तराचा मऊ फुगवटा म्हणजे पॉलिपही नाही. मग त्यांनी विचारलं, “दुखताना उजेड नकोसा होतो का? मळमळतं का?” दोन्ही होत होतं. मायग्रेनचं औषध सुरू झालं आणि ठणका उतरला. गाल-कपाळाची संवेदना आणि मायग्रेनची वेदना एकाच मज्जातंतूच्या जाळ्यातून जाते, म्हणून माणूस हमखास सायनसकडे बोट दाखवतो. उलट हळूहळू जाड होत गेलेलं अस्तर पुष्कळदा दुखतच नाही.

आमच्या वहिनींचं नेमकं उलटं. डोकं कधी दुखलं नाही, पण फोडणी करपली तरी त्यांना वास येईना. दुर्बिणीत दोन्हीकडे पॉलिप दिसले. सलाइनने नाक धुणं आणि स्टेरॉइड स्प्रे नीट करूनही फरक पडेना, तेव्हा सर्दी नसताना सीटी काढला. सायनस गच्च भरलेले. त्यांचं ऑपरेशन झालं आणि ते योग्यच होतं. वास जाणं, घट्ट पिवळा स्राव, ही लक्षणं स्कॅनशी त्यातल्या त्यात बऱ्यापैकी जुळतात. नुसती डोकेदुखी फारशी जुळत नाही.

दुर्बीण स्वच्छ निघाली म्हणजे सायनस नाहीच, असं मात्र धरू नये. आतला आजार तिला चुकू शकतो, त्यामुळे औषधाने भागलं नाही तर सीटी काढावाच लागतो. तरीही मला विचाराल तर आधी दुर्बीण, मग काही आठवडे रोज स्प्रे आणि नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच), आणि त्यानंतर, सर्दी ओसरल्यावर, सीटी. तुमचे डॉक्टर वेगळं म्हणत असतील तर कारण जरूर विचारा, त्यांच्याकडे ते असू शकतं.

काही वेळा मात्र थांबू नये. त्रास एकाच बाजूला असेल, त्या बाजूने रक्त किंवा घाण वास येत असेल, तर दाढेचं मूळ, बुरशी किंवा गाठ यांतलं काहीही असू शकतं. तिथे सीटी लवकर हवा. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले किंवा तापासोबत मान आखडली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.