१००० स्क्वेअर फुटाचा फ्लॅट निघाला ६४० चा, टोकनचे एक लाख गेले

गेल्या वर्षी आम्ही रिसेलचा टू बीएचके शोधत होतो आणि त्यात माझे एक लाख रुपये गेले, कसे गेले ते सविस्तर लिहितोय, कारण लिस्टिंगमधला रेट बघून फ्लॅट निवडणारे खूप जण आहेत, मी पण तसाच निवडला.

शेवटी दोन फ्लॅट उरले होते. पहिला १००० स्क्वेअर फूट, ६५ लाख, म्हणजे ६५०० चा रेट. दुसरा ७२० स्क्वेअर फूट, ६३ लाख, म्हणजे ८७५० चा रेट. दुसऱ्याच्या लिस्टिंगमध्ये कार्पेट, म्हणजे घराच्या आतला वापरता येणारा एरिया, असं स्पष्ट लिहिलेलं, पहिल्याच्या फक्त "एरिया १०००". तो सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती, बाल्कनी आणि जिना-लॉबीचा वाटा धरून केलेला आकडा असणार एवढं मला कळत होतं, म्हणून एजंटला विचारलं लोडिंग किती, म्हणजे वर किती टक्के चढवलेत, तर तो म्हणाला, "तीस टक्के साहेब, सगळीकडे तेवढंच असतं." मी तिथेच मोबाईलवर १००० भागिले १.३ केलं, ७६९ आले. त्याला म्हटलं म्हणजे कार्पेट ७७० च्या आसपास ना, तर म्हणाला हो, तेवढाच बसतो. ७६९ कार्पेट ६५ लाखात म्हणजे साधारण ८४५० चा रेट, दुसऱ्यापेक्षा स्वस्त आणि घर पण मोठं! त्याच संध्याकाळी एक लाख टोकन दिलं आणि दुसऱ्या फ्लॅटवाल्यांना नको म्हणून कळवलं.

लोनसाठी बँकेचा व्हॅल्युअर आला तेव्हा मी सोबत होतो. त्याने लेझर मीटर भिंतीला लावून एकेक खोली मोजली, मग हॉलमध्ये थांबला आणि वर बघितलं. छताला आडवा बीम होता आणि बरोबर त्याच्या खाली फरशीचा रंग किंचित वेगळा, सोफ्यामुळे मला तो दिसलाच नव्हता. म्हणाला, "इथपर्यंत हॉल, पुढची बाल्कनी आत घेतलीय." मूळ अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स त्याच्याकडे होती, त्यात कार्पेट ५९.४६ चौरस मीटर आणि बाल्कनी ५.५७ चौरस मीटर असं वेगवेगळं लिहिलेलं. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की स्क्वेअर फूट मिळतात, म्हणजे कार्पेट ६४० आणि बाल्कनी ६०.

मग ते ७६९ कुठून आले? एजंटचं तीस टक्के लोडिंग बिल्टअपवर होतं, मी ते कार्पेटवर धरलं. ६४० कार्पेट, ६० बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती वगैरेचे सत्तरेक, हे झालं बिल्टअप ७७०. त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाऊस यांचा वाटा म्हणून २३० लावले की झाले १०००. कार्पेटवरून मोजलं तर लोडिंग ५६ टक्के होतं, आणि ६५ लाखाला ६४० म्हणजे खरा रेट १०,१५० च्या वर. ज्याला मी महाग म्हणून सोडलं तो ८७५० चा होता. मी कार्पेट हा शब्द उच्चारलेला असताना त्याने हो म्हटलं, याला मी गैरसमज म्हणणार नाही, ही फसवणूकच आहे.

बँकेने व्हॅल्युएशन कमी धरलं, लोन कमी बसलं, वरची रक्कम आमच्याकडे नव्हती. टोकनच्या पावतीवर परत मिळणार नाही असं छापलेलं होतं. दुसरा फ्लॅट तोपर्यंत विकला गेला होता.

आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो की लोडिंग विचारूच नका, त्या आकड्याला काही अर्थ नाही, सुपर बिल्टअपमध्ये काय धरायचं ते विकणारा ठरवतो. रेरा कायद्यात व्याख्या आहे ती कार्पेटची: घरातल्या आतल्या भिंती त्यात येतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस येत नाहीत. त्यामुळे टोकन द्यायच्या आधी मालकाचं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट मागा आणि त्यातला चौरस मीटरमधला कार्पेट स्वतः गुणून बघा, एजंट "नंतर देतो" म्हणाला तर टोकन पण नंतरच. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या साईटवर रजिस्ट्रेशन नंबर टाकून कोणत्या टाईपच्या फ्लॅटचा कार्पेट किती ते दिसतं. जुन्या, रेराच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये मात्र कार्पेट लिहिलेला असला तरी बाल्कनी त्यात धरलेली असू शकते, तिथे टेप घेऊनच जा, आणि हॉलच्या छताला मध्येच बीम दिसला तर सोफा सरकवून खालची फरशी बघा.