पावसाळाभर पेटी बंद खोक्यात: रीड, भाता आणि सिलिका जेलचा अनुभव

माझी पेटी साधी आहे, प्रत्येक स्वराला खर्ज आणि नर असे दोन पितळी रीड. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते, म्हणून पहिल्या पावसाआधीच पेटीसाठी रबरी कडेचं, घट्ट झाकणाचं मोठं खोकं घेतलं. त्यात सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवला. आता ऋतू उलटून काही महिने झालेत, तेव्हा या व्यवस्थेने काय साधलं आणि काय नाही ते लिहितो.

आधी मापकाबद्दल. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी चुकतात, म्हणून वापरण्याआधी पडताळून घ्यावा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला आणि मापकासोबत घट्ट पिशवीत काही तास बंद ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा मापक ८० दाखवत होता, म्हणून मी त्याच्या आकड्यातून पाच वजा करतो. खोक्यात ४५ ते ६० टक्के राहिले की मी समाधानी असतो. त्याच्या फार खाली नेण्यात लाभ नाही, लाकूड आकसून फळीला चीर जाऊ शकते.

सिलिका जेल अर्धा किलो, सुती पिशव्यांत भरलेलं. खोक्यातली हवा कोरडी व्हायला फार जेल लागत नाही, पण लाकडात मुरलेला ओलावा हळूहळू बाहेर येत राहतो आणि खरं काम तिथे असतं. म्हणून सुरुवातीला जेल लवकर भरलं, पुढे टिकू लागलं. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरतो. निळे दाणे मी टाळले, कारण त्यांत कोबाल्टचा क्षार असतो. पिशव्या पेटीच्या बाजूला ठेवायच्या, भात्याच्या चामड्याला टेकवायच्या नाहीत. पेटी आधीच दमट असेल तर नुसती प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. ओलावा आतच कोंडतो आणि भात्याच्या घड्यांत बुरशी धरते.

आता सुराबद्दल. पितळेची जीभ दमट हवेने फारशी उतरत नाही. पावसाळ्यात पेटी बेसूर वाटते तेव्हा कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं: हवा गळते, लाकूड फुगून पट्टी अडकते किंवा जिभेवर काहीतरी साचतं. म्हणून कानस हातात घेण्याआधी मी गळती तपासतो.

सगळ्या खुंट्या बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि हात थांबवा. भाता आतली हवा धरून राहायला हवा. इथेच तो पटकन बसला तर गळती भात्यात किंवा त्याच्या चामडी झडपेत आहे. बंद खुंट्यांवर भाता टिकला, पण खुंटी उघडल्यावर बसू लागला, तर गळती वर, पट्ट्यांखालच्या झडपांकडे किंवा रीडच्या फळीच्या कडेला. मोसमाच्या मध्यावर माझी पेटी खुंटी उघडल्यावरच बसत होती. झाकण काढून झडपांवर बोट फिरवलं, तेव्हा मंद्रातल्या ग ची झडप एका कडेला किंचित वर राहिलेली दिसली. तिच्या पट्टीचं लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासत होतं. खोक्यात काही दिवस राहिल्यावर ती आपोआप सुटी झाली. तेव्हाच पट्टी घासून घेतली असती, तर कोरड्या हवेत ती सैल होऊन खडखडली असती.

दुसरा प्रसंग खऱ्या बेसूरपणाचा होता. मध्य सप्तकातला ध वाजवला की दोन्ही रीड मिळून सूर लाटांसारखा हलायचा. नर ऐकायला खर्जाची खुंटी बंद केली, मग उलट. ट्यूनरवर खर्ज बरोबर होता आणि नर सुमारे १५ सेंट उतरलेला. ४४० च्या आसपासच्या स्वराला इतक्या फरकाने सेकंदाला साधारण चार ठोके पडतात. मोजताना भाता एकसारख्या, मध्यम दाबाने चालवायला हवा. जोर वाढला की रीड थोडं खाली येतं, खर्ज जास्तच, आणि ट्यूनर खोटं सांगतो.

रीड काढून भिंगाखाली धरलं तर जिभेच्या टोकाजवळ हिरवट पापुद्रा होता, बाजरीच्या दाण्याहूनही लहान. टोकाशी वजन वाढलं की जीभ हळू कंप पावते आणि सूर उतरतो. जिभेखाली पातळ कडक कागद सरकवून तिला आधार दिला, लाकडी काडीच्या चपट्या टोकाने पापुद्रा सैल केला आणि मऊ ब्रशने रिव्हेटकडून टोकाकडे झटकला. आडवा ब्रश मारला तर जीभ चौकटीच्या कडेला लागते. पुन्हा बसवून मोजलं तर फरक चार सेंटांवर आला आणि ठोके जवळपास नाहीसे झाले. राहिलेलं मी तसंच ठेवलं. टोकाकडे कानस मारली की सूर चढतो, मुळाकडे मारली की उतरतो, आणि काढलेलं पितळ परत चढत नाही. ओल्या मोसमात सूर मिळवून घेतला तर कोरड्या हवेत पुन्हा तेच काम निघतं. म्हणून कानस मी पेटी खोक्यात कोरडी होऊन स्थिरावेपर्यंत लांबच ठेवतो. पितळ चमकवायचं द्रावण किंवा तेल तर रीडला कधीच लावू नये. तेलाला धूळ चिकटते आणि वजन पुन्हा वाढतं.

वातानुकूलित खोलीत पेटी ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांभाळावी. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २७ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. २४ अंशांच्या खोलीतून पेटी बाहेर आणून लगेच वाजवली, तर भाता तीच ओली हवा थंड पितळेवर फुंकतो. मी खोकं बाहेर आणून तास-दीड तास बंदच ठेवतो.

या व्यवस्थेची मर्यादाही दिसली. मैफल लांबली की भाता तासन्‌तास खोलीतलीच हवा ओढतो आणि खोक्याने राखलेला कोरडेपणा निघून जातो. त्यानंतर मापक पूर्ववत व्हायला दोन-तीन दिवस लागतात. जुनी गंज चढलेली रीडं खोक्याने बरी होत नाहीत, सुटलेला सरसही जुळत नाही. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांचा पूर्ण पाटा सरकतो, तिथे लाकूड थोडं फुगलं तरी अडतं. अशी पेटी असेल तर मी खोकं आणखी नेटाने वापरेन.

पाऊस संपल्यावर आणखी एक काम असतं. लाकूड आकसतं, रीडचे स्क्रू सैल होतात, खालून हवा निसटते आणि सूर फरफरतो. यंदा माझ्या दोन खर्ज रीडांना पाव फेरा द्यावा लागला. दोन्ही टोकांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूला जोर दिला तर चौकट वाकून जीभ कडेला घासते आणि चांगलं रीड मुकं होतं.